विचारपूस की चौकशी?

दोन्हींत प्रश्नच असतात, म्हणून गल्लत होते. फरक असा की चौकशीला उत्तर लागतं, विचारपुशीला ते नसलं तरी चालतं.

माझ्या एका मित्राची हिंजवडीतली नोकरी गेली, तेव्हा मी दर सोमवारी न चुकता मेसेज टाकायचो, "काय रे, झालं का काही?" मला ती विचारपूस वाटायची. पण एका जागेसाठी टेक्निकल, मग मॅनेजर, मग एचआर अशा फेऱ्या चालतात. त्यात महिना-दीड महिना सहज जातो आणि शेवटी कित्येकदा साधा नकारही येत नाही. म्हणजे माझ्या सहा सोमवारांत त्याच्याकडे सांगण्याजोगं काही नव्हतंच. सुरुवातीला तो चार ओळी लिहायचा, मग "प्रयत्न चालू आहेत" एवढंच, आणि शेवटी नुसता अंगठा. अंगठ्यावर आलेला माणूस उत्तर देत नसतो, हजेरी लावत असतो.

मग एकदा सरळच म्हणालो, "नोकरीचं मी आपणहून काढणार नाही. तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग." आणि सोमवारचा मेसेज बदलला: "शनिवारी साडेसहाला पर्वती चढतोय. येतोस? नाही जमलं तर पुढच्या शनिवारी." दोनदा तो आलाच नाही. तिसऱ्यांदा आला आणि उतरताना, मी काही न विचारता, एका फसलेल्या मुलाखतीबद्दल अर्धा तास बोलला.

विचारपुशीच्या वेषात कीवही येते, आणि ती ओळखणं जास्त अवघड. चौघांत बिल आलं की त्याच्या हातातून ते ओढून घेऊन "तू राहू दे रे" म्हणणं, हा तिचा नेहमीचा प्रकार. त्यापेक्षा भेटच टपरीवर ठरवावी. तिथे दोन कटिंगचे पैसे तोही देऊ शकतो, आणि त्याला ते देऊ द्यावेत. त्याच्याकडे आपलं एखादं काम असेल तर तेही सांगावं. मी त्याला माझी एक्सेल शीट तपासायला दिली होती. खरंच अडली होती म्हणून.

"रेझ्युमे पाठव, बघतो" हे वाक्य मात्र मी बंद केलंय. त्याने पाठवला की वाट बघणंही त्याच्याच माथी येतं. खरी जागा असेल तर "आमच्याकडे टेस्टिंगमध्ये एक जागा आहे, तुझं नाव सुचवू का? शुक्रवारपर्यंत कळव, नको असेल तरी हरकत नाही" असं नेमकं बोलावं. आणि पुढे काय झालं ते, नकार असला तरी, आपणच त्याला कळवावं.

एका ठिकाणी हा सगळा संकोच सोडायचा. झोप उडाली आहे, फोन बंद असतो, "माझं ओझंच झालंय सगळ्यांना" असं बोलू लागला आहे, तर आडवळण नको. "जीव द्यायचे विचार येतात का?" हे स्पष्ट विचारावं आणि त्याच्याजवळ थांबावं. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो. त्याच्या शेजारी बसून तो आपणच लावून द्यावा.