काळी मेंदी आम्ही का विकत नाही

चवथ जवळ आली की आमच्या फोंड्याच्या दुकानात रोज कोणीतरी विचारतं, "काळी मेंदी आहे?" आम्ही नाही म्हणतो. बाजारात ती छोट्या पुडीतही मिळते आणि पुडीवर ठळक अक्षरांत 'हर्बल' छापलेलं असतं. मग आमच्याकडे का नाही, हा प्रश्न रास्त आहे.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसातल्या प्रथिनाला धरून बसतं आणि पांढऱ्या केसाला केशरी ते तांबूस रंग देतं. काळा रंग त्यात नाहीच, मग ती मेंदी सोजतची असो नाहीतर परसातली. म्हणून अर्ध्या तासात केस काळेभोर करणाऱ्या पुडीत दुसरं काहीतरी असतं, आणि ते बहुतेक वेळा पॅरा-फेनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी असतं. नेहमीच्या काळ्या कलपातही तेच वापरतात आणि कायद्याने त्याला बंदी नाही. आमची हरकत एवढीच आहे की पानाचं चित्र पाहून माणूस पुडी घेतो आणि आपण कलप लावतोय हे त्याला कळत नाही.

आमच्या एक जुन्या ग्राहक, शाळेत शिकवणाऱ्या बाई, गेल्या वर्षी अशीच पुडी लावून आल्या. पहिल्या दोन वेळा काहीच झालं नव्हतं. तिसऱ्या वेळी दुसऱ्या दिवशी कपाळाच्या कडेला आणि कानामागे खाज सुटली, आणि तिसऱ्या दिवशी पापण्या सुजून डोळे उघडेनात. "मेंदीनं कसं होईल? मेंदी तर लहानपणापासून लावते," असं त्या म्हणत होत्या. पुडी मागवून पाहिली. पुढच्या बाजूला आवळा, शिकेकाई आणि माका यांची चित्रं होती. मागे बारीक अक्षरांत, त्याच नावांच्या शेवटी, पीपीडी आणि बेरियम पेरॉक्साइड लिहिलेलं होतं. पाणी पडलं की पेरॉक्साइड कामाला लागतं आणि पीपीडी काळा पडतो.

पहिल्या दोन वेळा त्रास झाला नाही, यातच या पदार्थाची खोच आहे. त्या वेळी शरीर त्याला ओळखायला शिकत असतं. एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी एक ते तीन दिवसांत त्वचा पेटते, आणि ही ओळख सहसा जन्मभर पुसली जात नाही. बाईंना आता कोणताही काळा कलप लावता येत नाही. किनाऱ्यावर पर्यटकांच्या हातावर काढतात त्या झटपट काळ्या मेंदीतही बहुधा हाच पदार्थ असतो. तिथे तो थेट कातडीवर बसतो, म्हणून मुलांना तरी ती काढू देऊ नका.

'हर्बल' किंवा 'नैसर्गिक' म्हणायला माल किती टक्के वनस्पतीचा हवा, याचं ठरलेलं माप आपल्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत नाही. म्हणून पुढचं चित्र सोडा आणि पुडी उलटून घटक वाचा. पीपीडी लांबलचक नावाने लिहिलेला असतो. शेवटी 'डायअमाइन' असलेलं नाव दिसलं की तो कलप समजा. कलपावर त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी करा आणि भुवया-पापण्यांना लावू नका, ही सूचना इंग्रजीत व स्थानिक भाषेत छापणं बंधनकारक आहे. घटकच नसतील किंवा परवाना क्रमांक नसेल, तर ती पुडी घेऊ नका. तक्रार बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे करता येते.

घरी एक साधी पारख करता येते. पांढऱ्या बशीत चमचाभर पूड कोमट पाण्यात कालवा. खरी मेंदी तासभर तरी हिरवट-खाकीच राहते. मिनिटांत काळपट होऊ लागली तर त्यात रसायन आहे. ही पारख अर्धीच, कारण जुन्या पुडीला टवटवी यावी म्हणून घातलेला हिरवा रंग तिच्यात पकडला जाईलच असं नाही. खात्री प्रयोगशाळेतच होते.

काळा रंगच हवा असेल तर आम्ही नीळ देतो, नीळीच्या पानांची पूड. आधी मेंदी दोन तास लावून धुवा. मग नीळ पाण्यात कालवून पंधरा मिनिटांनी लावा, तासभर ठेवा. कालवलेली नीळ फार वेळ ठेवू नका, तिचा जोर जातो. केस पहिल्या दिवशी हिरवट दिसतील, घाबरू नका. दोन दिवसांत रंग गडद होतो. वेळ जातो, हे आम्हाला मान्य आहे.

आमची पूडही पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस थांबा, कारण पानांचीही ॲलर्जी काहींना असते. तान्ह्या बाळांना मेंदी लावू नका. जी६पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल तर त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. आणि कधी काळ्या कलपाने त्रास झाला असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना ती पुडी सोबत न्या.