टीव्हीवरचं ॲप उघडताच बंद पडतंय? कॅशे कधी क्लिअर करायची आणि ॲप परत कधी टाकायचं

मॅच सुरू व्हायला पाच मिनिटं असतात. तुम्ही ॲप उघडता, लोगो चमकतो आणि टीव्ही परत होम स्क्रीनवर येतो. मग आम्हाला फोन येतो, "टीव्ही गेला." बहुतेक वेळा टीव्ही ठणठणीत असतो. आमचा माणूस बोलावून व्हिजिटचे पैसे देण्याआधी पुढचं करून बघा. यातली बटणांची नावं अँड्रॉइड टीव्ही आणि गूगल टीव्हीवरची आहेत. तुमच्या मॉडेलमध्ये थोडा फरक असू शकतो.

आधी ॲप कुठे अडतं ते नीट बघा. लोगोवर गोल चक्र नुसतं फिरत राहत असेल तर दोष बहुधा नेटचा असतो. त्याच वाय-फायवर मोबाइलमध्ये तेच ॲप उघडा. तिथेही चालत नसेल तर कंपनीकडेच किंवा तुमच्या नेटमध्ये अडचण आहे, टीव्हीत काही करू नका. मोबाइलवर चालत असेल तर टीव्हीची तारीख तपासा. बरेच दिवस प्लग काढून ठेवलेल्या टीव्हीची तारीख कधीकधी मागे जाते. मग टीव्हीला सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र चुकीचं वाटतं आणि ॲप जोडलंच जात नाही. अशा वेळी कॅशे दहादा क्लिअर केली तरी उपयोग नाही. तारीख आपोआप घेण्याचा पर्याय सुरू करा.

ॲप उघडून लगेच बंद होत असेल तर आधी टीव्ही भिंतीवरच्या बटणाने बंद करून दोन मिनिटं थांबा. रिमोटच्या बटणाने टीव्ही फक्त झोपतो, त्याची मेमरी रिकामी होत नाही. कित्येकांचं काम इथेच होतं.

नाही झालं तर `Settings`, `Apps`, `See all apps` असं जाऊन ते ॲप निवडा. तिथे `Force stop` करून `Clear cache` दाबा. कॅशे म्हणजे पोस्टर, चित्रं असा तात्पुरता साठा, जो ॲपला पुन्हा उतरवून घेता येतो. त्यामुळे लॉगिन जात नाही, नुकसान काहीच नाही. पण अपेक्षाही बेताचीच ठेवा. हा साठाच खराब झाला असेल किंवा टीव्हीत जागा कमी पडत असेल, तेव्हाच याचा गुण येतो. शेजारचं `Clear data` जास्त खोलवर जातं. ॲपने साठवलेली सेटिंग आणि लॉगिन दोन्ही पुसली जातात. बिघाड त्यात असेल तर ॲप सुरळीत होतं, पण पासवर्ड हाताशी ठेवूनच ते दाबा.

जागेचं महत्त्व एका ग्राहकाच्या ३२ इंची टीव्हीवरून सांगतो. डब्यावर ८ जीबी स्टोरेज लिहिलं होतं, पण त्यातलं बरंच टीव्हीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरलाच लागतं. आम्ही पाहिलं तेव्हा फक्त १४० एमबी जागा उरली होती. त्यांनी कॅशे क्लिअर केली की ॲप दोन दिवस चालायचं आणि तिसऱ्या दिवशी परत बंद पडायचं, कारण साठा पुन्हा भरत होता. शिवाय जागा संपत आलेली असतानाच ॲपचं अपडेट येऊन गेलं होतं. आम्ही मुलांचे न वापरलेले दोन गेम काढले, सव्वा जीबी जागा मोकळी झाली, आणि मग ते ॲप काढून परत टाकलं. त्यानंतर तक्रार आली नाही. आधी जागा केली नसती तर नवं ॲपही तिथेच अडलं असतं.

ॲप परत टाकण्याचा खरा फायदा अशाच वेळी होतो: अपडेटनंतर लगेच बिघाड सुरू झाला असेल आणि `Clear data` करूनही फरक पडत नसेल तेव्हा. टीव्हीबरोबरच आलेली काही ॲप्स काढता येत नाहीत. तिथे `Uninstall updates` दाबून प्ले स्टोअरमधून पुन्हा अपडेट करा.

टीव्ही जुना असेल तर मात्र घाई नको. काही ॲप्स जुन्या टीव्हीसाठी द्यायचं बंद होतं. आधीच असलेलं ॲप कसंबसं चालत असतं. ते काढलं की प्ले स्टोअर परत देतच नाही. म्हणून `Uninstall` दाबण्याआधी टीव्हीवरच्याच प्ले स्टोअरमध्ये ते ॲप सापडतंय का ते पाहा. सापडलं नाही तर हात लावू नका, आम्हाला विचारा. अशा टीव्हीला एचडीएमआयमध्ये लावायची स्टिक घेणं हा स्वस्त मार्ग आहे. त्यासाठी नवा टीव्ही घ्या असं आम्ही सांगणार नाही.

एक नव्हे, सगळीच ॲप्स बंद पडत असतील तर एकेकाची कॅशे क्लिअर करत बसू नका. दोष बहुधा टीव्हीच्या सॉफ्टवेअरचा असतो. सिस्टीम अपडेट आलंय का बघा आणि प्ले स्टोअरमध्ये `Android System WebView` दिसत असेल तर तेही अपडेट करा. फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी, शक्यतो आमच्याशी बोलून.

फोन करताना टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर, मोकळी जागा किती आहे आणि स्क्रीनवर आलेल्या संदेशाचा फोटो तयार ठेवा. एवढ्यावरून बऱ्याचदा फोनवरच काम होतं.