पालकांमार्फत शीघ्र हस्तक्षेप (स्वमग्नता)

लहान वयाच्या स्वमग्न मुलाशी संवाद कसा साधायचा हे प्रशिक्षित कार्यकर्ता आई-वडिलांना शिकवतो आणि मुलाबरोबरचे रोजचे काम आई-वडीलच घरी करतात, अशी ही उपचारपद्धती आहे. तिचे अनेक प्रकार प्रचलित आहेत. येथे व्हिडिओ पाहून मार्गदर्शन करण्याच्या प्रकाराचा विचार केला आहे. त्याची चाचणी ब्रिटनमध्ये झाली (निष्कर्ष २०१०), पुढे गोवा व रावळपिंडी येथे तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांकडून तो राबवून पाहण्यात आला (निष्कर्ष २०१६). दक्षिण आशियातील या आराखड्यात सहा महिन्यांत १२ सत्रे होती. थेरपिस्ट मोजके आणि लोकलचा प्रवास लांबचा, अशा मुंबईतील वस्तीच्या दवाखान्याला तो परवडण्यासारखा आहे.

कामाचा गाभा म्हणजे पालकाच्या बोलण्याचा मेळ. मूल ज्यात गुंतले आहे त्याविषयीच पालक बोलला, काही मागितले-विचारले नाही, तर ते बोलणे जुळणारे धरतात. मूल मगातून पाणी ओतत असताना ‘पाणी पडलं, धो धो’ हे जुळणारे. ‘इकडे बघ, हा रंग कुठला?’ हे न जुळणारे. ब्रिटनमधील चाचणीच्या पुढील विश्लेषणात मुलाच्या संवादातील सुधारणा बव्हंशी पालकाच्या या मेळातूनच आल्याचे दिसले.

सत्राच्या आरंभी पालक-मुलाच्या खेळाचे दहाएक मिनिटांचे चित्रण मोबाइलवर करतात आणि लगेच पालक आणि कार्यकर्ती मिळून ते पाहतात. कार्यकर्तीने चुका दाखवायच्या नसतात. मेळ जमलेला एखादा क्षण शोधून ती चित्रण थांबवते: ‘ताई, इथे तुम्ही गप्प राहिलात. मग त्यानं काय केलं?’ उत्तर आईला सापडू द्यायचे. त्यातून पुढच्या पंधरवड्यासाठी एक-दोनच गोष्टी ठरतात आणि घरी रोज अर्धा तास त्यांचा सराव होतो. आधी मुलाचे लक्ष कुठे आहे ते पाहणे, मग थांबणे, मग मुलाच्या पातळीची लहान वाक्ये आणि शेवटी ठरावीक खेळात मुद्दाम खंड पाडून त्याच्या मागणीची वाट पाहणे, असा क्रम असतो. आधीची पायरी अंगवळणी पडल्याशिवाय पुढची घेत नाहीत.

प्रगती मोजायला महागडे साधन लागत नाही. प्रत्येक चित्रणातली ठरावीक पाच मिनिटे घेऊन दोन आकडे काढायचे: पालकाच्या एकूण बोलण्यांपैकी जुळणारी किती, आणि मुलाने आपणहून किती वेळा नजर, हातवारा, आवाज किंवा वस्तू देऊन संवाद सुरू केला. नमुन्यादाखल कुर्ल्यातील एका खोलीच्या घरातला २८ महिन्यांचा मुलगा घेऊ. पहिल्या सत्रात आई ६० वेळा बोलली, त्यांतली १५ बोलणी जुळणारी, म्हणजे २५ टक्के. मुलाची सुरुवात २ वेळा. चौथ्या सत्रात ४० पैकी २२, म्हणजे ५५ टक्के. मुलाची सुरुवात फक्त ३. आठव्यात ४२ पैकी २९, म्हणजे ६९ टक्के, मुलाची ९. चौथ्या सत्रातला आकडा पाहून ‘फरक नाही’ असे म्हणणे ही घाई ठरली असती, कारण आधी पालक बदलतो, मूल मागाहून. याउलट मेळ टिकूनही सलग तीन-चार सत्रे मुलाची सुरुवात हलली नाही, तर पर्यवेक्षकाने चित्रण स्वतः पाहावे.

आकडे फसवतातही. दर वेळी खेळणी बदलली, किंवा एकदा पाहुण्यांनी भरलेल्या घरात आणि एकदा दवाखान्यात चित्रण केले, तर तुलनेला अर्थ उरत नाही. अधूनमधून दोन कार्यकर्तींनी तेच चित्रण स्वतंत्रपणे मोजून आकडे ताडून पाहावेत. सर्वांत घातक चूक मात्र वेगळीच: कार्यकर्ती मुलाला स्वतःच्या पुढ्यात घेऊन खेळवू लागते आणि आई प्रेक्षक होते. सत्र रंगते, घरी काहीच बदलत नाही.

मुंबईत आणखी एक अडचण नेहमी दिसते. शाळाप्रवेशाच्या धास्तीने आई-वडील घरची मराठी सोडून मुलाशी तुटक इंग्रजी बोलू लागतात. दोन भाषांमुळे स्वमग्नता वाढते याला आधार नाही. पालकाला जी भाषा सहज येते तिच्यातच मेळ साधतो. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनाही एखादे सत्र दाखवावे, नाहीतर आई वाट पाहत थांबते आणि आजी मायेने मुलाने न मागताच बिस्किट पुढे करते.

गोवा-रावळपिंडी चाचणीत ६५ मुले होती. पालकांचा मेळ आणि मुलांची सुरुवात दोन्ही वाढली. मात्र पालक आणि मूल दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर राहण्याचा वेळ नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटापेक्षा कमी निघाला. त्यामुळे सर्वच अंगांनी लाभ होतो असे पालकांना सांगू नये. स्वमग्नता बरी होते असे तर नाहीच. सत्रे सुरू होण्याआधी श्रवणतपासणी व्हावी. फिट येणे, आलेले शब्द गमावणे किंवा खाणे फारच मोजक्या पदार्थांवर येणे दिसले, तर आकडे चांगले असले तरी मुलाला बालविकासतज्ज्ञाकडे पाठवावे. आई स्वतः खचलेली असेल, तर आधी तिची विचारपूस करून घरच्या सरावाचा अर्धा तास काही आठवडे कमी करावा.