बोलणारा समोर की मागे? एकाच व्हिडिओच्या दोन स्क्रिप्ट

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या एका शेतकऱ्याचा निरोप येतो असं समजा: “आपल्या बासमतीवर छोटा व्हिडिओ करायलोय, स्क्रिप्ट लिहून दे की.” कुठे टाकणार, किती वेळाचा, बोलणार कोण, सांगायचं काय, यातलं काहीच नाही.

पहिल्या दोन गोष्टी गृहीत धरून चालतं. उभा व्हिडिओ आणि 40 सेकंद धरले की रील, शॉर्ट्स आणि व्हॉट्सॲप स्टेटस तिन्हीकडे निभावतं. सांगायचं काय, हे विचारावंच लागतं. समजा उत्तर आलं, “आमचा तांदूळ वर्षभर मुरवलेला आहे, भात मोकळा होतो.” तरी लिहायला बसता येत नाही. शेतकरी स्वतः कॅमेऱ्याकडे बघून बोलणार, की चित्रांच्या मागून आवाज येणार? दोन्हीला लोक स्क्रिप्टच म्हणतात, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

तो स्वतः बोलणार असेल तर वाक्यं त्याच्या जिभेवरची हवीत: “हे बघा, हा गेल्या वर्षीचा तांदूळ. नवा शिजवला की चिकटतोय. हा बघा कसा सुटा झालाय.” इथे “बघा” म्हणताना हात ताटाकडे जातो, म्हणून ती कृतीही कागदावर लिहायची. 40 सेकंदांत 80च्या आसपास शब्द बसतात. “सुगंधी वाणाची वैशिष्ट्ये” असलं काही लिहून दिलंत तर दुसऱ्याच वाक्याला तो पाठ केलेलं म्हणायला लागतो. डोळे वर जातात, आवाज सपाट होतो. शब्द अडला तर मधूनच कापता येत नाही, कापलं की मान झटक्याने हललेली दिसते. म्हणून वाक्यं छोटी, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबायची सोय.

निवेदनाच्या स्क्रिप्टला दोन रकाने लागतात, डावीकडे दृश्य आणि उजवीकडे आवाज. पडद्यावर वाफाळता भात दिसत असताना “हा गरम भात” म्हणणं वाया जातं. दिसत नाही ते आवाजाने सांगायचं: “कापणीनंतर वर्षभर हा तांदूळ पोत्यात ठेवला होता.” शब्द 55-60च ठेवायचे, म्हणजे शितं सुटी होताना पाहायला दोन-तीन सेकंद शांतता उरते. पोतं, निवडणं, उकळी, ताट ही चार दृश्यं पुरतात.

शेतकरी बोलायला तयार असेल तर मी पहिलीच निवडेन, विकणाऱ्याचं तोंड दिसलं की गिऱ्हाईक थांबतं. पण बेळगावात एक हिशेब वेगळा पडतो. अर्धं गिऱ्हाईक कन्नड बोलणारं असेल तर निवेदनाच्या व्हिडिओवर तीच चित्रं ठेवून दुसरा आवाज चढवता येतो. समोर बसून बोललेलं मात्र कन्नडमध्ये पुन्हा शूट करावं लागतं, नाहीतर ओठ एक बोलतात आणि कानाला दुसरंच ऐकू येतं. तेव्हा कोण बोलणार हे विचारताना कोणत्या भाषेत, हेही त्याच फोनवर विचारून घ्यायचं.