एका अहवालातले चार ‘ॲप’

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा वार्षिक अहवाल छपाईआधी माझ्याकडे आला. एकेचाळीस पानं, लिहिणारे पाच-सहा जण: सचिव, हिशेबनीस, जिनिंगचं काम पाहणारा पोरगा, उरलेलं सेतू केंद्रात टाइप केलेलं. त्यात ‘ॲप’ चार तऱ्हांनी होतं: ॲप, अॅप, अ‍ॅप आणि ऍप. सचिव म्हणाले, ‘वाचता त येते ना, मंग कायले बदलता?’ वाचता येतं, हे खरं. पण ‘ॲप’ शोधलं तर संगणक चारपैकी एकच दाखवतो, आणि बाकीचे तीन तसेच छापून जातात.

हे चार आले कुठून? छापील मराठीत अर्धचंद्र जुना, पण युनिकोडमध्ये डोक्यावर अर्धचंद्र घेतलेल्या ‘अ’ला स्वतःचा कोड (U+0972) मिळाला तो 2008 साली, 5.1 या आवृत्तीत. तोवर लोक ‘अ’ला सुटी अर्धचंद्राची मात्रा लावत. काही संगणकांवर ती मात्रा सुटी पडून ठिपक्यांचं वर्तुळ दिसे, म्हणून मध्ये न दिसणारं जोडचिन्ह (U+200D) घालायची युक्ती रूढ झाली. ‘ए’वर चंद्र असलेलं ‘ऍ’ आधीपासून होतंच, म्हणून कुणी तेच वापरलं. 2009 साली राज्य शासनाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ अधिकृत वर्णमालेत घेतले, तरी जुन्या फायलींतून चिकटवलेला मजकूर जुनाच राहिला. वर्डमध्ये अक्षरानंतर लगेच कर्सर ठेवून Alt+X दाबलं की खरं काय आहे ते कळतं: 0972 आलं तर नवं अक्षर, 0945 आलं तर सुटी मात्रा.

‘बँक’ याहून फसवं. एका जागी ‘ब’वर चंद्रबिंदू (U+0901), दुसऱ्या जागी अर्धचंद्र आणि वर वेगळं टिंब (U+0945, U+0902). बऱ्याच फॉन्टांत दोन्ही अगदी सारखी दिसतात, प्रूफ वाचणाऱ्याच्या डोळ्याला हे सापडत नाही. गोदामाच्या फरशीवरच्या परिच्छेदात ‘काँक्रीट’चंही तेच झालेलं. अशी दुरुस्ती आधी करून घ्यावी, कारण इथे मत द्यायचं काही नसतं:

```
s = s.replace("\u0905\u200d\u0945", "\u0972")
s = s.replace("\u0905\u0945", "\u0972")
s = s.replace("\u0945\u0902", "\u0901")
s = s.replace("\u0949\u0902", "\u093e\u0901")
```

‘ऍ’ मात्र मी हाताने बदलला. आणि दोन ठिकाणी ‘बैंक’ निघालं, ते हिंदीचं. नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं. आमच्याकडे पाट्यांवर, पावत्यांवर हिंदी अजून शेजारीच बसलेली असते. ते दोन ‘बैंक’ पावतीवरून जसेच्या तसे उतरवलेले होते.

पुढचा थर वेलांट्यांचा. 1962 साली शासनाने साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम मान्य केले, 1972 साली आणखी चार आले. त्यांतला एक शाळेत सगळ्यांनी घोकलेला: शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीची वेलांटी दुसरी. गरीब, वकील. हा नियम अंगवळणी पडलेला माणूस ‘मशीन’, ‘ऑनलाईन’ लिहितो. उच्चाराकडे कान असलेला ‘ऑनलाइन’ लिहितो. आणि नियम फारच मनावर घेतला तर ‘बिल’चं ‘बील’ होतं, हिशेबनिसांनी ते केलंच होतं. मी ‘ऑनलाइन’, ‘मशीन’, ‘बिल’ ठरवलं, कागदावर यादी लिहून अहवालाला टाचली. दुसरा कुणी ‘ऑनलाईन’ ठरवेल, तेही चालेल.

इथेच माझी चूक झाली. ‘मशिन’ शोधून सगळीकडे ‘मशीन’ केलं आणि तपासताना दिसलं की ‘मशिनीत कापूस अडकला’ या वाक्यात ‘मशीनीत’ झालंय. सामान्यरूपात दुसरी वेलांटी पहिली होते, जसं वकील पण वकिलाला. म्हणजे ‘मशीन’ आणि ‘मशिनीत’ एका पानावर असणं ही विसंगती नव्हतीच, ते व्याकरण होतं. ‘मशिनचा’ मात्र ‘मशीनचा’ करायचं, कारण तिथे नामाचं रूप बदललेलं नाही. मग सतरा जागा एकेक करून पाहाव्या लागल्या.

रोमन अक्षरांतले शब्दही होते: तक्त्यात ‘Audit’, मजकुरात ‘ऑडिट’. तक्त्यातलं देवनागरी केलं. ईमेलचा पत्ता रोमनच ठेवला, तो तसाच टाइप करावा लागतो.

शेवटी उरलं कंपनीचं नाव. शिक्क्यावर ‘अॅग्रो प्रोड्युसर’ आहे, ‘ड्यु’ ऱ्हस्व. फायलीत पहिलं अक्षर सुट्या मात्रेचं होतं, वरच्या बदलांनी ते ‘ॲग्रो’ झालं होतं. छापल्यावर फरक ओळखू येत नाही, म्हणून तेवढं राहू दिलं. ‘प्रोड्यूसर’ करायला हात शिवशिवत होता, पण शिक्का उचलून पाहिला आणि ‘ड्यु’ला हात लावला नाही.