कॉन्टँगो व बॅकवर्डेशन

एखाद्या जिनसाचा वायदा, म्हणजे पुढच्या ठरल्या मुदतीला द्यायच्या मालाचा आज ठरलेला भाव, त्याच्या हजर म्हणजे आत्ताच्या भावापेक्षा वर असेल आणि लांबच्या मुदतीचे वायदे जवळच्यांपेक्षा चढे असतील, तर त्या स्थितीला कॉन्टँगो म्हणतात. हजर भाव चढा आणि पुढचे महिने क्रमाने उतरते असतील, तर ती बॅकवर्डेशन. मराठीत दोन्हींना सर्वमान्य प्रतिशब्द नाही; ‘चढता वायदा’ व ‘उतरता वायदा’ असे म्हटल्यास अर्थाला बाध येत नाही. प्रस्तुत नोंदीत साठवता येणाऱ्या शेतमालाचा, विशेषतः हळदीचा, विचार केला आहे. नवी मुंबईत वाशीच्या मसाला बाजारात हळद ही रोजच्या उलाढालीची जिन्नस असून तिचा वायदा एनसीडीईएक्स या वायदे बाजारात चालतो.

व्युत्पत्ती : दोन्ही शब्द एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या शेअर बाजारात रूढ झालेले दिसतात. त्या वेळी ते भावांच्या रचनेची नावे नव्हते, आकारणीची होती. घेतलेल्या शेअरचे पैसे ठरल्या दिवशी न भरता सौदा पुढच्या वलणावर म्हणजे हिशेब मिटवण्याच्या पुढच्या दिवसावर ढकलायचा असेल, तर खरेदीदार विक्रेत्याला जे व्याजवजा शुल्क देई ते कॉन्टँगो. विकलेला शेअर हाती नसल्याने विक्रेत्यालाच मुदत मागावी लागली, तर तो खरेदीदाराला देई ते बॅकवर्डेशन. दुसऱ्या शब्दाची घडण उघड आहे. पहिल्याबद्दल मात्र एकमत नाही. कोणी तो ‘कंटिन्यू’ म्हणजे ‘चालू ठेवणे’ या इंग्रजी क्रियापदाचा अपभ्रंश मानतात, कोणी ‘कंटिन्जंट’चा, तर कोणी त्याचा संबंध स्पॅनिश ‘कोंतेंगो’शी जोडतात. सौदा चालू ठेवण्याशी अर्थ थेट जुळत असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते; पण सारखा ध्वनी हा एवढाच पुरावा असताना त्यावर फार भार देणे योग्य नाही.

मुंबईच्या वाचकाला ही जोडी परकी वाटू नये. मुंबई शेअर बाजारातील बदला पद्धतीत नेमके हेच दोन व्यवहार होते. तेजीवाला सौदा पुढे नेण्यासाठी देई तो व्याज बदला किंवा सीधा बदला; शेअरची टंचाई झाली की मंदीवाल्याला द्यावा लागे तो उंधा बदला. ‘उंधा’ म्हणजे गुजरातीत उलटा. बॅकवर्डेशनचे इतके नेमके देशी नाव दुसरे सापडत नाही. सेबीने बदला 1993 च्या अखेरीस थांबवला, तो पुढे सुधारित रूपात परत आला आणि जुलै 2001 पासून कायमचा बंद झाला. पद्धत गेली, तरी एक मूळ कल्पना तिने शिकवलेली आहे : मुदतीला किंमत असते, आणि ती कोणी कोणाला द्यायची हे टंचाई कोणत्या बाजूला आहे त्यावर ठरते.

वायदा हजर भावापेक्षा वर का असतो : आज घेतलेला माल चार महिन्यांनी द्यायचा, तर मधल्या काळात तो कोणीतरी सांभाळावा लागतो. त्यात पैसा अडकतो, गोदामाचे भाडे चढते, वजनात घट येते. या एकत्रित खर्चाला वहनखर्च म्हणू. पुढील आकडे केवळ नमुन्याचे आहेत. तेलंगणातील निजामाबादला जूनमध्ये हळदीचा हजर भाव क्विंटलला 14,000 रुपये आहे. वर्षाला 12 टक्क्यांनी चार महिन्यांचे व्याज 560 रुपये होते. गोदामभाडे, विमा व धुरी मिळून महिन्याला 25 रुपये धरले तर 100 रुपये. अर्धा टक्का घट म्हणजे 70 रुपये. हमाली, तोलाई, गुणवत्ता तपासणी व दलालीचे 90 रुपये. बेरीज 820 रुपये. म्हणजे ऑक्टोबरचा वायदा 14,820 ला असेल तर माल सांभाळणाऱ्याचा खर्च नेमका भरून निघतो.

आता समजा, वाशीच्या गाळ्यावर बसलेल्या व्यापाऱ्याला पडद्यावर ऑक्टोबर 15,100 दिसतो. तो निजामाबादला हजर माल घेतो, मान्यताप्राप्त गोदामात जमा करतो आणि त्याच वेळी ऑक्टोबर विकतो. पुढे हळद 12,500 झाली काय किंवा 17,000 झाली काय, त्याचा विक्रीभाव ठरलेला आहे : 15,100 मधून 14,000 आणि 820 वजा जाता क्विंटलला 280 रुपये. पाच टनांच्या एका सौद्यावर 14,000 रुपये. असे चार व्यापारी पुढे आले की हजर भाव वर सरकतो, वायदा खाली येतो आणि जादा फरक मिटतो. म्हणून कॉन्टँगोला वरची मर्यादा असते, आणि ती मर्यादा म्हणजे पूर्ण वहनखर्च.

या व्यवहाराला बिनधोक म्हणण्याची रीत आहे; ती सोडून दिलेली बरी. भाव 17,000 ला गेला तर विकलेल्या वायद्यावर क्विंटलला 1,900 प्रमाणे एका सौद्यामागे 95,000 रुपये मुदतीआधीच रोजच्या रोज भरावे लागतात. गोदामातल्या मालाची किंमत तेवढीच वाढलेली असते, पण ती रोख नसते. हाताशी उसनवारी नसलेला व्यापारी इथेच अडकतो आणि बरोबर असूनही मध्येच सौदा कापतो. दुसरी अडचण मालाची. पावसाळ्यात हळकुंडांनी ओलावा धरला, कीड लागली किंवा तपासणीच्या दाखल्याची वैधता संपली, तर तोच माल डिलिव्हरीला चालत नाही. हळकुंड मोडताना खट्ट आवाज न होता ते वाकू लागले, की अनुभवी माणूस तपासणीचा कागद यायच्या आधीच ओळखतो.

वायदा खाली का असतो : वहनखर्च कधी शून्याखाली जात नाही, मग वायदा हजर भावाच्या खाली कसा? हळद काढणी, शिजवणी व वाळवणी होऊन साधारण फेब्रुवारीपासून बाजारात येऊ लागते. सांगली, हिंगोली, निजामाबाद इथली आवक त्यानंतर जोर धरते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला जुना माल संपत आलेला आणि नवा अजून खळ्यावर, अशी स्थिती असू शकते. नमुन्यादाखल, हजर भाव 16,000 आणि एप्रिल वायदा 13,800 घेऊ. ज्याच्या गोदामात शंभर क्विंटल जुनी हळद पडून आहे, त्याने ती आज विकून एप्रिलचा वायदा घेतला तर क्विंटलला 2,200 रुपये सुटतात. शिवाय दोन महिन्यांचे व्याज 320 आणि भाडे 50 वाचते. एकूण 2,570. तरी तो सगळा माल विकत नाही. त्याच्याकडून दर आठवड्याला हळद उचलणारे मसाला दळणारे कारखानदार आहेत. त्यांची चक्की एक आठवडा रिकामी राहिली तर ते दुसऱ्या गाळ्यावर जातील आणि कदाचित परत येणार नाहीत. माल हाताशी असण्याच्या या उपयोगाला अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डोर यांनी 1939 मध्ये जे नाव दिले, त्याला मराठीत सोय-मूल्य म्हणता येईल. वरील उदाहरणात बाजार ते दोन महिन्यांसाठी 2,570 रुपये ठरवत आहे.

उतरत्या वायद्याला वरच्यासारखी मर्यादा नाही. आजचा माल उद्याला नेता येतो. एप्रिलची हळद फेब्रुवारीत आणता येत नाही. ज्याच्याकडे माल नाही त्याला हा फरक खाण्याचा मार्गच नसतो. त्यामुळे कॉन्टँगो बहुधा संथ आणि मोजका राहतो, बॅकवर्डेशन मात्र टंचाईत एकदम खोल जाते.

या दोन टोकांच्या मधली स्थिती प्रत्यक्षात पुष्कळदा आढळते आणि तिच्याकडेच दुर्लक्ष होते. पहिल्या उदाहरणात ऑक्टोबर 14,400 ला असता, तर बाजार दिसायला चढता. पण साठवणाऱ्याला क्विंटलमागे 420 रुपयांची तूट. तरीही लोक माल धरून आहेत, म्हणजे सोय-मूल्य तिथेही काम करते आहे. साठा सैल आहे की तंग, हे वायदा नुसता वर आहे की खाली यावरून नव्हे, तर पूर्ण वहनखर्चाशी त्याची तुलना करून कळते. अर्थशास्त्रज्ञ होलब्रुक वर्किंग यांनी 1949 मध्ये मांडलेल्या साठवणुकीच्या किमतीच्या सिद्धांताचा गाभा हाच. साठा वाढत गेला की फरक वहनखर्चाकडे सरकतो, आटत गेला की उलटतो.

सिद्धांतांतील मतभेद : जॉन मेनार्ड केन्स यांनी 1923 मध्ये आणि पुढे 1930 मध्ये ‘स्वाभाविक बॅकवर्डेशन’ची कल्पना मांडली. त्यांच्या मते भाव पडण्याच्या धास्तीने उत्पादक व साठेदार वायदा विकतात, आणि ती जोखीम घेणाऱ्या सटोडियाला मोबदला मिळावा म्हणून वायदा अपेक्षित भावापेक्षा थोडा खाली राहतो. इथे तुलना आजच्या हजर भावाशी नसून मुदतीच्या दिवशी अपेक्षित असलेल्या भावाशी आहे. हा भेद पुष्कळ लेखनात पुसला गेला आहे. केन्सच्या अर्थाने बॅकवर्डेशन असलेला बाजार पडद्यावर चढता दिसू शकतो. अपेक्षित भाव कोणाला मोजता येत नसल्याने केन्सचा मुद्दा तपासणे कठीण आहे. धान्य-मसाल्यांसाठी वर्किंग यांची मांडणी अधिक उपयोगी पडते, कारण तिच्यातील साठा, व्याज आणि भाडे मोजता येतात.

यावरून एक व्यापक गैरसमज दूर व्हावा. ऑक्टोबरचा वायदा 800 रुपयांनी वर आहे म्हणजे हळद 800 रुपयांनी चढणार, असा अर्थ होत नाही. ते बहुतांशी व्याज आणि भाडे आहे. फेब्रुवारीतला 13,800 चा एप्रिल हासुद्धा मंदीचा कौल नसून नव्या आवकेची खबर आहे.

तुलनेतील चूक : मुदत संपताना वायदा व हजर भाव एकत्र येतात, कारण त्या दिवशी वायदा म्हणजे गोदामातला माल. पण तो निजामाबादच्या गोदामातला आणि ठरलेल्या प्रतीचा. वाशीतील पॉलिश केलेल्या राजापुरी हळदीचा भाव थेट वायद्याशी लावला तर त्या फरकात वाहतूक, प्रत, कर आणि घाऊकीचा नफा मिसळतो, आणि नसलेले बॅकवर्डेशन दिसू लागते. आधी निजामाबादचा हजर भाव घ्यावा, मग मुदतीचा फरक काढावा.

साठवणुकीची जागाच संपली तर वरची मर्यादाही तुटते. 20 एप्रिल 2020 रोजी अमेरिकेतील कशिंग येथे टाक्या भरत आल्या असताना कच्च्या तेलाचा मे वायदा पिंपामागे उणे 37.63 डॉलरवर बंद झाला, पुढच्या महिन्याचा मात्र धनच राहिला; भारतातील एमसीएक्स या वायदे बाजारातील सौदे उणे 2,884 रुपयांना मिटवले गेले. पूर्ण वहनखर्च काढताना जागा मिळेलच असे गृहीत धरलेले असते, हे त्या दिवशी उघडे पडले. हळदीची जागा सहसा संपत नाही.

हरभरा, गहू, मोहरी, सोयाबीन, मूग आदींचे वायदे सेबीने 2021 मध्ये स्थगित केले. ही स्थगिती असेपर्यंत त्या जिनसांत दाणाबंदरच्या धान्य व्यापाऱ्याला पुढच्या महिन्याचा भाव पडद्यावर दिसत नाही. साठा धरायचा की सोडायचा, याचा हिशेब तो हजर भाव, बँकेचे व्याज आणि गोदामाचे भाडे एवढ्यावरच मांडतो.