ड्राय शाम्पू: किती वेळा वापरायचा आणि कधी थांबायचं
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

ड्राय शाम्पू घ्यायला आलेले बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, "रोज मारला तर चालेल ना?" आम्ही रोज वापरू नका असंच सांगतो. दोनदा केस धुण्याच्या मध्ये एकदा, म्हणजे आठवड्यातून फार तर दोनदा, एवढा वापर पुरे.

ड्राय शाम्पूत मुख्यतः तांदळाचा, मक्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च असतो, काहींत सिलिकाही असते. हे बारीक कण मुळांपाशी साचलेलं तेल शोषून घेतात आणि केस पुन्हा मोकळे दिसतात. पण ते तेल, घाम आणि रस्त्यावरची धूळ डोक्यावरच राहते. फणीने थोडी पावडर निघते, बाकीची पाणी आणि साध्या शाम्पूशिवाय निघत नाही. त्यावर दुसऱ्या दिवशी आणखी एक थर दिला की टाळूवर लेप जमू लागतो.

पुण्यात हा लेप जरा लवकरच जमतो, कारण आपण दुचाकीवर फिरतो. स्टार्च तेल चांगलं टिपतो, पण घामात भिजला की त्याची चिकट पेस्ट होते. म्हणून घामेजलेल्या किंवा ओल्या केसांवर तो मारू नका, आधी केस पंख्याखाली पूर्ण वाळवा. रात्री खोबरेल तेल चोपडून सकाळी ड्राय शाम्पू मारणंही व्यर्थ आहे. एवढं तेल तो टिपू शकत नाही, अशा वेळी केस धुवाच.

वापरताना डबा चांगला हलवा. केसांचे चार-पाच भाग करा आणि साधारण वीतभर अंतरावरून फक्त मुळांपाशी, एका जागी सेकंदभरच फवारा. जवळून मारलं तर एकाच ठिकाणी पांढरा थर बसतो आणि त्यातलं अल्कोहोल त्वचा कोरडी करतं. दोन मिनिटं थांबा, बोटांच्या टोकांनी हलकेच चोळा, मग विंचरा. हेल्मेट त्यानंतरच घाला.

समजा, तुम्ही कोथरूडहून हिंजवडीला स्कूटरने जाता आणि रविवारी व बुधवारी रात्री केस धुता. मंगळवारी सकाळी केस तेलकट वाटले तर तेव्हा ड्राय शाम्पू मारा, घरी आल्यावर नीट विंचरून काढा, बुधवारी ठरल्याप्रमाणे धुवा. शुक्रवारी पुन्हा एकदा चालेल. खरी गडबड होते ती बुधवारचं धुणं राहून गेल्यावर. मंगळवारचा थर तसाच असतो, त्यावर गुरुवारी एक, शुक्रवारी आणखी एक बसतो. शनिवारी हेल्मेट काढलं की माथ्यावर आणि हेल्मेटची पट्टी टेकते तिथे खाज सुटते. दोन दिवस लागोपाठ ड्राय शाम्पू मारायची वेळ आली, तर दुसऱ्या दिवशी केस धुवायचे, हा नियम आम्ही मनापासून सुचवतो. असे केस धुताना दोनदा फेस करा आणि दोन्ही वेळा बोटं मुळांपर्यंत जाऊ द्या.

खाज सुटली तर

डोक्यात पांढरं दिसलं म्हणजे कोंडाच असेल असं नाही. पावडरीचे कण कोरडे असतात, केसांवर असतात आणि फणीने झडतात. कोंड्याचे पापुद्रे टाळूला धरून असतात, बऱ्याचदा पिवळसर, तेलकट असतात आणि केस धुतल्यावर दोन-तीन दिवसांत परत येतात. कोंडा वाढवणारी बुरशी टाळूच्या तेलावरच जगते. त्यामुळे कोंडा असताना ड्राय शाम्पूने दिवस ढकलले तर तो बळावतो.

केस धुतल्यावर खाज थांबली, तर कारण बहुधा साचलेला थर हेच होतं. दोन आठवडे ड्राय शाम्पू बंद ठेवा आणि एक दिवसाआड सौम्य शाम्पूने केस धुवा. मग पुन्हा आठवड्यातून एकदाच सुरू करा. पुन्हा सुरू केल्यावर एक-दोन दिवसांतच खाज परतली किंवा कपाळाच्या कडेला, कानामागे, मानेवर लालसर पुरळ उठलं, तर सुगंधाची किंवा दुसऱ्या एखाद्या घटकाची अ‍ॅलर्जी असू शकते. तो डबा पुन्हा वापरू नका. बिनवासाची पावडर आधी कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून बघा.

मुळांपाशी दुखऱ्या किंवा पू भरलेल्या पुळ्या, चिघळलेली त्वचा, खपल्या, एका जागचे केस गळणं यांपैकी काही दिसलं, किंवा दोन आठवड्यांत खाज गेली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. टाळू खाजवून सोलवटली असेल तेव्हा स्प्रे अजिबात मारू नका, अल्कोहोल झोंबतं आणि जखम चिघळते.

स्प्रेच्या डब्यात ज्वलनशील वायू असतो. एप्रिल-मे महिन्यांत तो स्कूटरच्या डिकीत ठेवू नका आणि पेटता गॅस किंवा देवघरातली समई जवळ असताना फवारू नका.

डब्यावरचे घटक वाचायला अडचण आली, तर डबा दुकानात घेऊन या. आम्ही तुमच्यासोबत वाचून सांगू.